बावीसची एकवीस : नागपूरच्या मांडवातलं एक भाषण

[दृश्य : मैदानावरचा मांडव. एक मुलगा पाइप धरून कूलरच्या टाकीत पाणी भरतोय.]

निवेदन : सकाळचे साडेआठ. एप्रिल संपत आलाय, म्हणजे नागपुरात आत्ताच ऊन अंगाला टोचायला लागलंय. मांडवाच्या एका बाजूला आलमाऱ्या ओळीनं उभ्या आहेत. प्रत्येकीच्या दारावर खडूनं एक आकडा टाकलाय. आकडे एकपासून बावीसपर्यंत आहेत, पण सतरा नंबरच्या आलमारीवर कुणीतरी चादर टाकून ठेवली आहे. त्या चादरीकडे आपण परत येऊ.

आज इथे एकवीस लग्नं लागणार आहेत. मुख्य मंचावर तेरा जोडपी अंतरपाट धरून उभी राहतील. शेजारच्या मंचावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. तिथे आठ जोडपी त्रिशरण-पंचशील घेतील. हा सोहळा एक धर्मादाय ट्रस्ट करतो. त्याच्या सचिव निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. मांडवात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात, त्यांच्या वयाचे व्याहीसुद्धा.

बाईंचं भाषण लग्नं लागण्याआधी असतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “अक्षता पडल्या की माणूस पंगतीकडे पाहतो. मग कोण ऐकते?”

[दृश्य : खुर्च्यांच्या रांगा. पदरानं वारा घेणाऱ्या बाया. बाई माइक हातात घेतात.]

बाई : “नमस्कार. जय भीम. बसा जी, बसा. नवरदेवांनो, मोबाइल खिशात ठेवा. आज फोटो दुसरे काढतील.

“आधी आईबापांशी बोलते. तुमच्या चेहऱ्यावरून दिसते मला. पोरीच्या बापाला वाटते, सामूहिकमध्ये लग्न लावलं म्हणून सासरी पोरीला टोमणे खावे लागतील. पोराच्या आईला वाटते, मानपान नाही, आहेर नाही, बहिणीला काय सांगू? आणि दोघांनाही वाटते, एवढ्या गर्दीत आपल्या लेकराचं लग्न नीट लागेल ना? या तिसऱ्या काळजीचं उत्तर माझ्याकडे आहे. तेच आधी देते.”

निवेदन : उत्तर मंचावरच मांडून ठेवलंय. तेरा पाट, आणि प्रत्येक पाटासमोर तांदळाचे सात छोटे पुंज. मंगलाष्टकं सगळ्यांसाठी एकदम होतील, लाउडस्पीकरवर. सप्तपदी मात्र प्रत्येक जोडपं वेगवेगळी चालेल, आणि प्रत्येकासोबत ट्रस्टचा एक माणूस पावलं मोजायला असेल. पूर्वी इथेही एका जोडप्याला चालवून बाकीच्यांना हात जोडून उभं ठेवायचे. वेळ वाचायचा.

बाई : “कायदा काय म्हणतो ऐका. हिंदू विवाह कायदा 1955चा आहे. त्यात सातवं कलम आहे. ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे, त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होते. सहाव्यावर नाही. बौद्ध जोडप्यांनाही हाच कायदा लागतो. त्यांची रीत वेगळी आहे, ती त्यांच्या रीतीनं पूर्ण व्हावी लागते. 2024मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदानं हिंदू विवाह होत नाही. म्हणून आज कुणी घाई करायची नाही. पंगत थांबते. वांग्याची भाजी पळून जात नाही.”

[दृश्य : हशा. मग सतरा नंबरची आलमारी.]

निवेदन : आता ती चादर. सतरा नंबरचं जोडपं पंधरा दिवसांपूर्वी यादीतून निघालं. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला आहे. मुलगी एकोणीस वर्षांची, तिचे कागद चोख होते. मुलाच्या आधार कार्डावर जन्मतारीख होती 1 जानेवारी 2003. एक जानेवारी दिसली की बाईंची भुवई वर जाते. ज्यांची खरी तारीख नोंदवताना माहीत नव्हती, अशा कितीतरी लोकांच्या कार्डावर हीच तारीख पडलेली असते. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला. त्यावर होता सप्टेंबर 2004. लग्न एप्रिल 2025मध्ये. बोटं मोजली तर वीस वर्षं, सात महिने.

मुलाचे वडील फसवत नव्हते. ते पुन्हा पुन्हा सांगत होते, “बाई, त्याले एकविसावं लागलं ना.” आणि खरंच लागलं होतं. आपल्याकडे वय असंच सांगतात. कायद्याला मात्र एकवीस पूर्ण लागतात, मुलीला अठरा पूर्ण.

बाई : “सतरा नंबरचे दोन्हीकडचे आईबाप आज इथे पाहुणे म्हणून आले आहेत. मीच बोलावलं. त्यांची आलमारी त्यांची वाट पाहते आहे, सप्टेंबरनंतर केव्हाही. पण समजून घ्या, मी हे लग्न लावलं असतं तर काय झालं असतं. 2006च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे मला, भटजींना. होऊ देणाऱ्या आईबापालाही तीच शिक्षा आहे, फक्त बाईमाणसाला कैद नाही, दंड आहे. आणि पुढे हाच मुलगा कोर्टात जाऊन म्हणू शकला असता, मी तेव्हा लहान होतो, लग्न रद्द करा. मग त्या पोरीनं काय करायचं?”

निवेदन : पुढच्या रांगेत बसलेल्या मुलाच्या वडिलांनी मान खाली घातली नाही. ते टोपी काढून घाम पुसत होते. खरं सांगायचं तर त्यांना चारचौघांत असं बसवणं मला जरा कठोर वाटलं. बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, “त्यांना विचारूनच बसवलं.” एवढंच.

[दृश्य : टेबलावर एकवीस फायली. एक फाइल उघडली जाते.]

बाई : “आता फाइल. लग्न लागल्यावर, जेवायच्या आधी, तुम्ही या टेबलावर यायचं. विवाह नोंदणीचा फॉर्म भरून ठेवला आहे. त्यावर दोघांच्या सह्या, तीन साक्षीदारांच्या सह्या आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. नोंदणी नव्वद दिवसांत करायची. तुम्ही म्हणाल, मग वेळ आहे ना? वेळ आहे, पण भटजी नाहीत. आज तेरा लग्नं लावून ते घरी जातील. तीन महिन्यांनी तुम्ही त्यांना कुठे शोधाल? मामा पुण्याला, काका सुरतेला. साक्षीदार आजच एका जागी आहेत.”

निवेदन : नागपुरातली जोडपी पुढे महापालिकेच्या झोन कार्यालयात जातील. हनुमाननगर, आशीनगर, सतरंजीपुरा, जिथलं ज्याचं असेल तिथे. खेड्यातल्यांसाठी ग्रामपंचायत आहे. ज्यांची फाइल अडते, त्यांची बहुतेक एकाच गोष्टीवर अडते.

बाई : “नवऱ्यांनो, तुमच्याशी बोलते. म्हणजे नवरी मुलींशी. सही जुन्या नावानं करायची. दाखल्यावर जे नाव आहे, तेच. दहा मिनिटांपूर्वी लग्न झालं असते, उखाणा घेतलेला असते, हात आपोआप नवीन आडनावाकडे जातो. मग आधारवर एक नाव, फॉर्मवर दुसरं, आणि खिडकीवरचा माणूस परत पाठवतो. नाव बदलायचं की नाही ते तुम्ही नंतर ठरवा. आज बदलू नका.”

[दृश्य : आलमाऱ्यांसमोर गादी, मिक्सर, भांड्यांचा संच. एक छापील कागद.]

निवेदन : भाषणाचा सगळ्यात मोठा भाग मात्र आलमारीवर होता. ट्रस्ट प्रत्येक मुलीला आंदण म्हणून आलमारी, गादी, मिक्सर आणि एकावन्न भांडी देतो. सोबत एक कागद देतो. त्यावर वस्तूचं नाव, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि त्याचं नातं. नात्याच्या रकान्यात ‘ट्रस्ट’ असं लिहिलेलं वाचून एक मावशी हसल्या.

बाई : “ही यादी माझ्या मनाची नाही. हुंडाबंदी कायदा 1961चा, आणि भेटवस्तूंच्या यादीचे नियम 1985चे. मुलीला मिळालेल्या वस्तूंची यादी मुलीजवळ राहते, मुलाला मिळालेल्यांची मुलाजवळ. दोन्हींवर दोघांच्या सह्या. जिला लिहिता येत नाही तिला आधी यादी वाचून दाखवायची, मग अंगठा, आणि ज्यानं वाचली त्याची सही.

“पोरीच्या बापांनो, तुम्ही गुपचूप दिलेली अंगठी, गाडीचे हप्ते, ते या यादीत नाही येत. मागून घेतलेलं असेल तर तो हुंडाच आहे, यादीत लिहिल्यानं तो आहेर होत नाही. आणि न मागता प्रेमानं दिलं असेल तर लिहायला लाजता कशाला? उद्या वाद झाला की पहिला प्रश्न हाच येतो, कुणाचं काय होतं. आलमारीची किल्ली मी मुलीच्या हातात देणार. सासूबाईंनो, राग मानू नका. मलाही सून आहे.”

निवेदन : यावर टाळ्या वाजल्या, पण एकाच बाजूनं.

शेवटी बाई रिसेप्शनवर आल्या. इथे त्यांचा आवाज उतरला. सामूहिक विवाहात पैसे वाचतात, आणि मग कमीपणा वाटू नये म्हणून बाप आठवड्यानं हॉल घेतो. पत्रिका, बिछायत, तीनशे ताटं. बचत गटाचं कर्ज तिथेच जातं.

बाई : “शुभमंगल योजनेचं अनुदान येईल म्हणून कुणी आज उधारी करू नका. अर्ज मंजूर होईल, खात्यात जमा होईल, तेव्हा तो पैसा. बुंदी, वडाभात, मठ्ठा, सगळं आज इथे आहे. तुमचे पाहुणे आज जेवून जाऊ द्या. कुणी विचारलं रिसेप्शन कधी, तर सांगा, झालं. चला, अंतरपाट धरा.”

[दृश्य : मंगलाष्टकं. दुसऱ्या मंचावरून त्रिशरणाचा आवाज. अक्षता.]

निवेदन : लग्नं लागली. पावलं मोजली गेली. टेबलावर सात नंबरच्या नवरीनं सही करताना एक अक्षर लिहिलं, थांबली, आणि जीभ चावून नवा फॉर्म मागितला. कोरे फॉर्म बाईंनी मुद्दाम जास्तीचे आणले होते.

दुपारी दोनच्या उन्हात आलमाऱ्या छोट्या टेम्पोंवर चढल्या. एक टेम्पो फाटकापर्यंत जाऊन थांबला. मुलीची आई खाली उतरली आणि पदर सावरत मांडवाकडे पळत आली. पंगतीच्या टेबलावर पत्रावळीखाली यादी राहिली होती. तिच्या एका कोपऱ्यावर कढीचा पिवळा डाग पडला होता. तिनं तो पदरानं पुसला, कागदाची चार घडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचली.

टेम्पोवाला हॉर्न देत होता.