पीएनजीच्या पोटातले जेपेग

मित्रहो, रंगप्रोफाइलबद्दल, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणाऱ्या नोंदीबद्दल, बोलण्याचे मी कबूल केले आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एका समजुतीबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. फाइल पीएनजी असली की छायाचित्र मूळचेच असणार, असे छापणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळजण धरून चालतात. एका नियतकालिकाने याच भरवशावर पुराचे एक छायाचित्र ‘थेट छायाचित्रकाराकडून आलेले’ म्हणून माझ्याकडे पाठवले होते, आणि माझी शंका त्यांना अखेरपर्यंत पटली नाही. पीएनजी स्वतः काही गमावत नाही हे खरे, परंतु आधी झालेले नुकसानही ती तितक्याच इमानाने जपून ठेवते.

ते चित्र 1080 × 1440 पिक्सेलांचे होते. 1080 ही कितीतरी अँड्रॉइड फोनांच्या पडद्याची रुंदी आहे, त्यामुळे स्क्रीनशॉट घेऊन तो कापला असावा, हा पहिला संशय. मग पाण्यावरचे सपाट, राखाडी आकाश आठपट मोठे करून कॉन्ट्रास्ट वाढवला, तेव्हा त्यात चौकटींची जाळी दिसू लागली. जेपेग चित्राचे 8 × 8 पिक्सेलांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातला तपशील वेगळा कमी करते, म्हणून फार आवळलेल्या चित्रात या तुकड्यांच्या कडा उमटतात. इथे मात्र ओळीने दहा चौकटी मोजल्या, तर 80 ऐवजी 72 पिक्सेल भरले. म्हणजे एक चौकट 7.2 पिक्सेलांची. 8 चे 7.2 व्हायचे, तर 1200 चे 1080 व्हावे लागतात. पडद्यावर मावण्यासाठी लहान होण्यापूर्वी हे चित्र 1200 × 1600 चे जेपेग होते, हे त्या जाळीनेच सांगितले. लांब बाजू 1600 वर आणणे ही व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या दर्जाची ओळखीची खूण आहे. तसे करणारी इतर साधनेही आहेत, तेव्हा अ‍ॅपचे नाव अंदाजापुरतेच घ्यावे. मधला जेपेगचा मुक्काम मात्र नाकारता येत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून प्रोफाइलचे थोडक्यात सांगतो. फाइलमधल्या नोंदी वाचणाऱ्या exiftool या साधनाला ही आज्ञा द्या:

```
exiftool -ProfileDescription photo.png
```

उत्तरात `Display P3` आले, तर फाइल बहुधा अ‍ॅपलच्या उपकरणातून आलेली असते. पण ते उपकरण चित्र टिपणारेच असेल असे नाही, शेवटचा स्क्रीनशॉट घेणारेही असू शकते. वाटेत एखाद्या साधनाने रंगांचे आकडे न बदलता नुसते प्रोफाइल काढून टाकले, तर भडक लाल आणि नारिंगी रंग फिके दिसतात. आमच्या चित्रात प्रोफाइल नव्हते आणि बचावपथकाची नारिंगी जाकिटेही फिकी होती. तरीही त्यावरून मी काही ठरवले नाही, कारण ढगाळ उजेडातही ती तशीच दिसली असती. अशा वेळी पाठवणाऱ्याकडे फोनमधली मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागावी, कारण त्या वाटेने ती पुन्हा आवळली जात नाही.