अक्षर आपली जागा सांगतं

श्रोतेहो, नमस्कार.

जवळ कागद आणि पेन असेल तर घ्या. मी चार अक्षरं सांगतो, एकाखाली एक लिहा. पहिलं अक्षर, थ. त्याला पहिली वेलांटी आणि डोक्यावर रफार. म्हणजे र्थि. दुसरं, न ला दुसरी वेलांटी, नी. तिसरं, द ला य जोडा आणि काना द्या, द्या. चौथं, व ला पहिली वेलांटी, वि. र्थि, नी, द्या, वि. या चार अक्षरांचा एक नेहमीचा मराठी शब्द होतो. ओळखला असेल तर आत्ता बोलू नका, शेजारी बसलेल्याची मजा जाईल.

चार अक्षरं एकूण चोवीस प्रकारे मांडता येतात. बरेच जण ती नुसती उलटसुलट करत राहतात आणि कधीतरी शब्द डोळ्यांपुढे येतो. त्यातही गंमत आहे, पण अडलं की माणूस पार अडतो. म्हणून आज एकच गोष्ट सांगणार आहे. मराठीत अक्षराची वेलांटी, उकार, रफार, जोडाक्षर यांवरूनच ते शब्दात कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही, हे पुष्कळदा कळतं. निदान कुठे बसणार नाही, हे तर नक्की कळतं.

त्याआधी अक्षर म्हणजे नेमकं किती, ते ठरवून घेऊ, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. ‘विद्यार्थी’ हा शब्द मोठ्यानं म्हणा. कानाला तो ‘विद्, यार्, थी’ असा तुटलेला ऐकू येतो. लिहिताना मात्र तो वि, द्या, र्थी असा तुटतो. अर्धा द बोलताना मागच्या वि ला टेकतो, पण कागदावर तो पुढच्या य ला जोडलेला असतो. अर्ध्या र चंही तसंच. बोलताना तो ‘या’ च्या मागोमाग येतो, लिहिताना मात्र थ च्या डोक्यावर जाऊन बसतो. अक्षरं जुळवण्याच्या खेळात लिहिण्यातली तोड धरायची. पाय मोडलेलं, म्हणजे अर्धं व्यंजन नेहमी पुढच्या अक्षरात मोजायचं. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार ज्या अक्षराचे आहेत त्याच्याबरोबरच राहतात. ते सोडवून दुसऱ्याला चिकटवायचे नाहीत.

कोडं तयार करणाऱ्यांनीही हे पाळावं, एवढी माझी विनंती आहे. ‘सूर्य’ शब्दाची अक्षरं सू, र, य अशी तीन दिली तर सोडवणारा ‘सूरय’ करील नाहीतर ‘रसूय’, आणि दोष त्याचा नसेल. सूर्य दोन अक्षरी आहे, सू आणि र्य. अशी चूक हल्ली वाढली आहे, कारण अक्षरं विस्कटायचं काम संगणकावर सोपवलं जातं. संगणक मराठी मजकूर साठवताना वेलांटी, काना, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगवेगळं साठवतो. त्याच्या हिशेबानं ‘विद्यार्थी’ दहा चिन्हांचा शब्द आहे आणि आपल्या हिशेबानं तीन अक्षरांचा. ही दहा चिन्हं सरसकट पिसली की वेलांट्या मोकळ्या पडतात आणि पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेल्या दिसतात. तशी वर्तुळं दिसली तर कोडं सोडवायच्या फंदात पडू नका. ते फोडलंच चुकीचं आहे.

आता आपल्या चार अक्षरांकडे वळू. आधी र्थि. हे अक्षर नुसतं, एकटं म्हणून बघा. मागे काही आधार नसताना जीभ अडखळते, ‘अर्थि’ नाहीतर ‘रथि’ असं काहीतरी निघतं. कसोटी हीच आहे. जे अक्षर एकटं म्हणता येत नाही, त्यानं शब्द सुरू होत नाही. रफाराचं कुठलंही अक्षर घ्या, र्म, र्त, र्व, ते पहिलं येणार नाही. त्त, क्क, ल्ल, च्च अशी दुहेरी अक्षरंही पहिली येणार नाहीत. ष्ट, क्त, ग्ध, प्त यांचंही तेच. याउलट प्र, क्र, स्व, श्र, व्य, ज्ञ ही अक्षरं एकटी सहज म्हणता येतात, म्हणून ती सुरुवातीला चालतात. ण आणि ळ म्हणायला काहीच अडचण नाही, तरी मराठी शब्द त्यांनी सुरू होत नाहीत. एवढे दोन वेगळे लक्षात ठेवायचे.

म्हणजे र्थि पहिलं नाही. आता त्याची वेलांटी पाहा. पहिली आहे, म्हणजे ऱ्हस्व. आणि इथे आपल्या हाती सगळ्यात पक्की खूण लागते. १९६२ पासून जे लेखनाचे नियम आपण वापरतो, त्यांत शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ लिहायचा असतो. कवी, गुरू, नदी, वाळू, सगळे दीर्घ. म्हणून पहिली वेलांटी किंवा पहिला उकार असलेलं अक्षर दिसलं, की समजायचं, याच्यापुढे अजून काहीतरी आहे. अपवाद थोडे आहेत. आणि, नि, परंतु, तथापि, अशी मोजकी अव्ययं, आणि ती कोड्यात फारशी कुणी घालत नाही.

तेव्हा र्थि पहिलं नाही आणि शेवटचंही नाही. ते दुसरं किंवा तिसरं. वि लाही पहिली वेलांटी आहे, म्हणजे तेही शेवटी नाही. उरले नी आणि द्या. शेवटी या दोघांपैकीच एक येणार. मोजून पाहा, चोवीस मांडण्यांमधून आता फक्त आठ राहिल्या, आणि आपण अजून अर्थाचा विचारसुद्धा केलेला नाही. आता थोडी भाषेची सवय वापरू. दुसऱ्या वेलांटीचा नी शब्दाच्या शेवटी शोभतो, मोहिनी, वाहिनी अशा शब्दांची चाल ओळखीची आहे. नी शेवटी ठेवला की चारच मांडण्या उरतात. विर्थिद्यानी, द्याविर्थिनी, द्यार्थिविनी आणि विद्यार्थिनी. पुढचं सांगायला नको.

या शब्दात बघण्यासारखं काय आहे? ‘विद्यार्थी’ मध्ये थ ला दुसरी वेलांटी असते, कारण तो शेवटी आहे. पुढे नी आला, की तीच वेलांटी पहिली होते. ‘गरीब’ आणि ‘गरिबी’ घ्या. ग, री, ब अशी अक्षरं असतील तर र ला दुसरी वेलांटी, कारण पुढचा ब साधा, काना-वेलांटी नसलेला. ग, रि, बी अशी असतील तर र ला पहिली, कारण पुढे दीर्घ बी बसली. म्हणजे विस्कटलेल्या अक्षरांत री दिसली, तर ती एकतर शब्दाच्या शेवटी असेल, नाहीतर शेवटच्या साध्या अक्षराच्या लगेच आधी. जमीन, वकील, कापूस, सगळे याच चालीचे.

मात्र या दुसऱ्या नियमावर डोळे झाकून विसंबू नका. तो अस्सल मराठी आणि रुळलेल्या शब्दांना चालतो, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याला जुमानत नाहीत. ‘परीक्षा’ मध्ये पुढे क्षा असूनही री दीर्घ आहे. ‘मंदिर’ मध्ये शेवटी साधा र असूनही दि ऱ्हस्व आहे. म्हणून माझा क्रम असा असतो: ऱ्हस्व अक्षर शेवटी नाही, हे आधी ठरवून टाकायचं, आणि दीर्घाची जागा नुसती अंदाज म्हणून धरायची. आणि शब्द जुन्या पुस्तकातून घेतलेला असेल, तर पहिला नियमसुद्धा बाजूला ठेवावा लागतो. तिथे कवि आणि गुरु हे ऱ्हस्वच छापलेले सापडतात.

र च्या बाबतीत अजून एक जागा फसवी आहे. समजा अक्षरं दिली आहेत द आणि र्या, रफाराचा. शब्द झाला दर्या, म्हणजे समुद्र. आता द आणि ऱ्या, ज्यात र आडवा, चंद्रकोरीसारखा जोडलेला असतो. शब्द झाला दऱ्या, डोंगरामधल्या. म्हणून बघा: रफार असला की मागच्या अक्षरावर जोर येतो, दर्-या. आडव्या र नं तो जोर येत नाही. ऱ्या हा बहुतेक वेळा रूप बदललेल्या शब्दात सापडतो. दुसरा चं दुसऱ्या, वारा चं वाऱ्यावर. त्यामुळे तो दिसला तर मूळ शब्द न शोधता त्याचं चालवलेलं रूप शोधायचं. हा आडवा र शब्दाच्या सुरुवातीला क्वचितच येतो, ऱ्हस्व आणि ऱ्हास या शब्दांत, आणि गंमत अशी की ‘ऱ्ह’ एकटा म्हणताही येतो. आपली कसोटी तिथेही टिकते.

कधी कधी सगळं नीट करूनही दोन उत्तरं येतात. क, ता, वि घ्या. वि शेवटी नाही, म्हणून सहापैकी चार मांडण्या. त्यांत कविता आहे आणि विकताही आहे, तुम्ही काय विकता मधला. दोन्ही बरोबर. कोडं घालणाऱ्यानं नाम हवं की क्रियापद हे सांगितलं नसेल, तर विकता म्हणणाऱ्याला चूक ठरवायचा त्याला अधिकार नाही. कमल आणि कलम, गरम आणि मगर यांचंही तसंच. साधी, बिनमात्रांची अक्षरं असली की असे जोड जास्त निघतात, कारण जागा सांगणारी खूणच कुठे नसते. लोकांना वाटतं जोडाक्षरांचा शब्द अवघड. मला उलट वाटतं. म, ग, र अवघड, कारण तिथे धरायला काही नाही.

जाता जाता एक तुमच्यासाठी. लिहून घ्या. ध वर रफार, र्ध. दुहेरी त, त्त. र ला काना, रा. आणि सुटा स्वर, उ, पहिला. सुटा स्वर शब्दात मध्ये आला तर तो एखाद्या स्वराच्या पाठोपाठच येतो, आणि तिथे बहुधा ई किंवा ऊ असतो, आई किंवा पाऊस सारखा. ऱ्हस्व उ असा सुटा दिसला तर त्याची जागा कुठे असेल, ते तुम्हीच ठरवा. र्ध आणि त्त एकटे म्हणून बघा, म्हणजे पहिल्या जागेचा प्रश्न लगेच मिटेल. मग तीन अक्षरं आणि सहा मांडण्या उरतील. त्यांतली एकच शब्द आहे. नमस्कार.