गाळा घेण्याआधी गिऱ्हाईकं मोजा

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. आज मी कात्री कशी धरायची ते सांगणार नाहीये, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. आज फक्त एकच हिशोब करायचाय, सलूनचा गाळा परवडायला महिन्याला किती गिऱ्हाईकं लागतात हा, आणि तो अ‍ॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी करायचाय, कारण सही झाल्यावर तोच हिशोब केला तर नुसती झोप उडते, बाकी काही होत नाही.

मध्यंतरी एक नवरा-बायको आले माझ्याकडे. तो जेंट्स कटिंगचा कारागीर, ती ब्युटिशियन, दोघांचा हात चांगला. नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला गाळा बघितलेला, 450 स्क्वेअर फूट कार्पेट, भाडं 45,000, तीन वर्षांचं लिव्ह अँड लायसन्स. मालक म्हणतोय उद्या टोकन द्या. मी म्हटलं टोकन राहू दे, आधी वही काढा.

महिन्याचा पक्का खर्च लिहायला लागलो. पक्का म्हणजे एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी द्यावाच लागतो तो. तो म्हणाला भाडं 45,000. मी म्हटलं नाही, 53,100. कमर्शियल भाड्यावर 18 टक्के जीएसटी आहे ना. वर्षाला 20 लाखांच्या वर धंदा गेला की तुम्हाला जीएसटी नंबर घ्यावाच लागतो, आणि एकदा तुम्ही रजिस्टर झालात की मालकाकडे नंबर नसला तरी ऑक्टोबर 2024 पासून तो टॅक्स तुम्हीच भरायचा. पूर्वी तो गिऱ्हाईकाकडून घेतलेल्या जीएसटीतून वळता करता यायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून सलूनचा रेट 18 वरून 5 झाला, सगळे खुश झाले, पण त्याबरोबर क्रेडिट गेलं. म्हणजे भाड्यावरचे 8,100 थेट खिशातून. हे बरेच जण धरतच नाहीत.

मग पगार. एक सीनियर स्टायलिस्ट 24,000, एक ज्युनियर 20,000, हेल्पर 11,000. आणि तुमचे दोघांचे? तर म्हणे आम्ही कशाला पगार घेऊ, आपलंच दुकान आहे. अहो मग घर कोण चालवणार? दोघांचे मिळून 43,000 धरले. बाहेरगावच्या कारागिराला खोली द्यावी लागते, नाहीतर तो टिकत नाही, तिचे 9,000. मेंटेनन्स 3,000, लाइट बिल 12,000, एसी आणि गिझर असल्यावर याच्या खाली येत नाही, नेट आणि बिलिंग सॉफ्टवेअर 2,000, जाहिरात 8,000, अकाउंटंट 3,000. झाले 1,88,100.

आता राहिलं इंटिरियर. 12 लाख. तो म्हणाला ते एकदाच आहे. एकदाच आहे, पण बेसिनचं प्लंबिंग, पीओपी, टाइल्स, हे तुम्ही जाताना घेऊन जाणार आहात का? ते मालकाचंच. खुर्च्या-आरसे तेवढे निघतात आणि त्याही कवडीमोल जातात. मी सेकंडहँड काही येईल हे धरतच नाही. म्हणून 12 लाख भागिले 36 महिने, दरमहा 33,333. एकूण 2,21,433.

आता दुसरी बाजू, एक गिऱ्हाईक हातात किती सोडतं. त्यांच्या भागात जेंट्सचं बिल सरासरी 260, लेडीजचं 1,100, आणि शंभरात 65 जेंट्स, 35 लेडीज. हे आकडे मनाने नाही हां काढले. मी त्याला समोरच्या सलूनबाहेर वडापावच्या गाडीवर उभं केलं, एकदा मंगळवारी चार वाजता आणि एकदा रविवारी सकाळी, बाहेर पडणारी माणसं मोजायला. मग दोघांनी एकेकदा आत जाऊन सर्व्हिस घेतली आणि रेट कार्डाचा फोटो आणला.

सरासरी बिल आलं 554. त्यातून 5 टक्के जीएसटी काढला की 528. त्यातले साधारण चौथा हिस्सा प्रॉडक्ट, डिस्पोजेबल टॉवेल, स्टाफचं इन्सेंटिव्ह यात जातो. उरले 396. हा आकडा पाठ करा, तुमचा वेगळा येईल, पण तुमचा तुम्हाला पाठ पाहिजे. कलर जास्त असेल तर प्रॉडक्टचा हिस्सा वाढतो, नुसतं कटिंग असेल तर कमी होतो.

2,21,433 भागिले 396, महिन्याला 560 गिऱ्हाईकं. सोमवारची सुट्टी धरून 26 दिवस, म्हणजे रोज साडेएकवीस. तो म्हणाला एवढंच ना सर, होतील.

थांबा. धंदा रोज सारखा कुठे असतो? निम्मा शनिवार-रविवारी येतो, आणि शनिवारी केस न कापणारे आपल्याकडे अजून पुष्कळ, त्यामुळे खरा लोंढा रविवारीच. दोन दिवसांत सारखे वाटून रविवारचे 32 धरले तरी त्यात 21 जेंट्स, 35 मिनिटं प्रत्येकी, आणि 11 लेडीज, सव्वा तास प्रत्येकी. मिळून 26 तासांचं काम. हात चार, दहा तास म्हणजे 40, पण कोणी उशिरा येतं, कोणाला बसवून ठेवावं लागतं, जेवण आहे, खरे मिळतात 28. म्हणजे ब्रेक-इव्हनलाच, नुसता खर्च भागवायलाच, रविवार जवळपास भरला. नफा कमवायला उरले मंगळवार ते शुक्रवार, आणि श्रावणात, पितृपक्षात तर तेही ओस पडतात. हे ऐकून बायको म्हणाली, "मग आम्ही रविवारी फक्त मालकासाठीच राबायचं का?" तिला बरोबर कळलं होतं.

मग बोलणी कशावर करायची? सगळे भाडं कमी करा म्हणून मागे लागतात. करा, पण हिशोब बघा. 1,000 रुपये भाडं कमी झालं की जीएसटीसकट 1,180 वाचतात, म्हणजे तीन गिऱ्हाईकं. मालकाला 45 वरून 38 वर आणलंत, ज्यात महिनाभर चहा पाजावा लागतो, तर 21 गिऱ्हाईकं कमी. पण तेच अ‍ॅग्रीमेंट 36 ऐवजी 60 महिन्यांचं केलं तर इंटिरियरचे 33,333 होतात 20,000, आणि 34 गिऱ्हाईकं कमी लागतात, भाडं एक रुपया न घटवता. मालकाचंही काही जात नाही, उलट दरवर्षी 5 टक्के वाढ तो मागणारच.

अट एकच. 60 महिने कागदावर असून उपयोग नाही, लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी मोडायचं नाही ही अट, मालकावर पाहिजे. अ‍ॅग्रीमेंटमध्ये मालक तुम्हाला एक महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढू शकतो असं कलम असेल तर तुमचे 12 लाख 60 महिन्यांवर नाही, एका महिन्यावर उभे आहेत. तुमच्यावर सहा महिन्यांचा लॉक-इन चालेल, त्याच्यावर पूर्ण 60 महिन्यांचा. माझं पहिलं दुकान असंच गेलं, 11 महिन्यांच्या कागदावर मी गीझर लाइनसकट सगळं केलं आणि बाराव्या महिन्यात मालकाच्या भाच्याला मोबाईल शॉपी काढायची होती.

आणि गल्ल्याचा खड्डा वेगळा. पहिल्या महिन्यात 200 गिऱ्हाईकं आली तर 79,000 सुटतात, खर्च 1,88,000. सहा महिन्यांत हळूहळू 475 पर्यंत चढलात तरी तोपर्यंत सव्वातीन लाख जातात. हे डिपॉझिट आणि इंटिरियरच्या वर.

ते दोघं मालकाकडे परत गेले. 60 महिने देतो म्हणाला, स्वतःवर लॉक-इन नको म्हणाला. यांनी सोडलं. आता त्याच रोडच्या आतल्या गल्लीत 30,000 चा गाळा बघतायत, साइज तोच, कागद पाच वर्षांचा. आकडा येतो 481, रोज साडेअठरा. गेल्या आठवड्यापासून तो परत वडापावच्या गाडीवर उभा असतो, फक्त गाडी बदललीय.