कोपऱ्यातली पट्टी: टाइल ट्रिमचं माप आणि ती बसवण्याची पद्धत

[दृश्य: बाथरूममधल्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट फिरतंय. कड जागोजागी उडालेली.]

हा कोपरा ४५ मारून केलेला आहे. दोन्ही टाइलच्या कडा मागून तिरक्या घासायच्या आणि टोकाला टोक जुळवायचं, एवढंच त्यात असतं. पहिल्या दिवशी तो सुरेख दिसतो. पण नीट बघा, घासल्यावर पुढच्या कडेला उरतो तो फक्त वरचा चकचकीत थर आणि त्याच्या मागे नखाएवढी माती. त्याला आधार कशाचाच नाही. बादली आपटली की कपची उडते आणि आतली लाल किंवा पांढरी माती उघडी पडते.

फुल बॉडी व्हिट्रिफाइड टाइलला आरपार एकच रंग असतो, म्हणून तिथे हातखंडा कारागिराचं ४५ निभावून जातं. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलला निभावत नाही.

[दृश्य: जमिनीवर मांडलेल्या पट्ट्या. एक पट्टी उचलून तिचं तोंड कॅमेऱ्यासमोर.]

त्याऐवजी ही टाइल ट्रिम. दुकानात हिला कोणी बीडिंग म्हणतं, कोणी प्रोफाइल, तर कोणी नुसतं पट्टी. तोंडाकडून पाहिलं की रचना कळते. एक चपटा पाय आहे, त्याला भोकं आहेत. हा पाय टाइलच्या मागे, अ‍ॅडहेसिव्हमध्ये गाडला जातो. त्याच्या टोकाला ही चौकोनी पेटी, आणि बाहेर दिसते ती एवढीच. दोन भिंतींच्या टाइल कोपऱ्यावर आल्या की मधे एक चौकोनी खाच रिकामी राहते. ती खाच ही पेटी भरते. गोल तोंडाची पट्टीही मिळते, तिचं काम तेच.

[दृश्य: डिजिटल व्हर्नियरमध्ये टाइलची कड.]

आता माप. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबू.

टाइलच्या खोक्यावर ३०० बाय ६०० लिहिलेलं असतं, जाडी बहुतेक वेळा कोणी वाचत नाही. दुकानदार '८ एमएमची असेल' म्हणतो आणि ८ची पट्टी बांधून देतो. या कामावर आम्ही वेगवेगळ्या खोक्यांतल्या ४ टाइल घेतल्या आणि प्रत्येक टाइल तीन ठिकाणी मोजली. मागच्या उंचवट्याच्या रेघाही मोजल्या, कारण पायावर टेकतात त्या रेघाच. सर्वांत पातळ माप आलं ८.४ मिलिमीटर, सर्वांत जाड ८.७. पट्टी निवडायची ती नेहमी जाड टाइलवरून. टाइल खोल बसली तर मागे अ‍ॅडहेसिव्ह वाढवून तिला पुढे आणता येतं, वर आलेली टाइल मात्र आत दाबता येत नाही.

दुसरं माप पट्टीचं. १०ची पट्टी म्हणजे १० कुठून कुठपर्यंत? हे प्रत्येक कंपनीचं सारखं नसतं. या पट्टीत पायाच्या तळापासून पेटीच्या माथ्यापर्यंत १० भरतात. पाय स्वतः १ मिलिमीटर जाड. म्हणजे टाइलला आत जागा मिळते ९ मिलिमीटर. ८.७ची टाइल त्यात बसते आणि वर ०.३ उरतात, तेवढ्यात अ‍ॅडहेसिव्हचा पातळ लेप मावतो.

[दृश्य: तीन पट्ट्यांत तोच टाइलचा तुकडा बसवून दाखवला आहे: ८, १०, १२.]

डावीकडे ८ची. आत जागा ७ मिलिमीटर, टाइल जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर बाहेर डोकावते. तिची कापलेली, खरबरीत कड उघडी दिसते. उजवीकडे १२ची. इथे टाइल सव्वादोन मिलिमीटर आत गेली आणि पट्टीचा काठ वर राहिला. हाताला लागतो, पुसायचं फडकं त्यात अडकतं, साबणाचा मळ साचतो. मधली १०ची, नख फिरवलं तरी अडकत नाही. दुकानात जाताना खिशात टाइलचा तुकडा ठेवावा आणि तिथेच पट्टीत बसवून बघावा. कागदावरच्या आकड्यापेक्षा तो खरा.

[दृश्य: पीव्हीसी, अ‍ॅल्युमिनियम, स्टील, पितळ यांचे तुकडे ओळीने.]

पीव्हीसी सर्वांत स्वस्त. पाण्याने तिला काही होत नाही, पण ऐंशी अंशांच्या आसपास ती मऊ पडते. म्हणून ओट्यावरच्या डॅडोत, शेगडीच्या बाजूला ती लावू नये. खिडकीच्या उन्हात पांढरी पट्टी पिवळी पडते.

अ‍ॅल्युमिनियम सर्वांत जास्त खपतं. त्याच्यावर अ‍ॅनोडायझिंग किंवा पावडर कोटिंग असतं. बाजारात 'सोनेरी' किंवा 'पितळी' म्हणून जे मिळतं, ते बहुतेक हेच असतं. कापलेल्या टोकावर कानस फिरवली की खालचा चंदेरी धातू दिसतो. अस्सल पितळेत आतही पिवळंच निघतं. अ‍ॅल्युमिनियमला दोन गोष्टी सोसत नाहीत: ओलं सिमेंट आणि अ‍ॅसिड. सिमेंटचा ओला गिलावा किंवा ग्राउट त्याच्यावर वाळू दिलं, तर पृष्ठभागावर धुरकट डाग पडतो, तो पुसून जात नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला घरोघरी अ‍ॅसिड वापरतात, त्याने कोटिंग खरवडल्यासारखं होतं.

[दृश्य: स्टीलच्या पट्टीला लावलेलं लोहचुंबक सरकून खाली पडतं.]

आता स्टील. विक्रेता चुंबक लावतो, चुंबक चिकटत नाही, आणि म्हणतो, बघा साहेब, ३०४. हा पुरावा नाही. २०२ नावाचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि दमट बाथरूममध्ये ते तपकिरी ठिपके धरतं. फरक ओळखायला तपासणीचे थेंब मिळतात. पट्टीच्या मागच्या बाजूला एक थेंब टाकून ९ व्होल्टची बॅटरी टेकवली, की २०० मालिकेच्या स्टीलवर थेंब लालसर होतो. ३०४वर तसा होत नाही. कोकण किनाऱ्यावर किंवा गोव्यात, खाऱ्या हवेत, ३०४पेक्षा ३१६ बरं. ते परवडत नसेल तर सरळ पीव्हीसी.

[दृश्य: कागदावर बाथरूमचा आराखडा, पट्टीची मापं टिपलेली.]

या बाथरूममध्ये पाइप झाकणारा एक खांब आहे, २.१ मीटर उंच. खिडकीची चौकट ०.६ बाय ०.९, म्हणजे चारी बाजू मिळून ३ मीटर. साबण-शाम्पूचा कोनाडा ०.३ बाय ०.६, त्याचे १.८. फ्लशच्या टाकीवरचा कट्टा ०.९. बेरीज ७.८ मीटर. २.५ मीटरच्या तीन पट्ट्या घेतल्या तर ३० सेंटिमीटरला कमी पडतं. चार घ्याव्या लागतात. कापायचा क्रम आधी ठरवा. पहिल्या पट्टीतून खांबाचे २.१ काढले की ४० सेंटिमीटर उरतात, त्यात कोनाड्याचा एक आडवा तुकडा निघतो. कारागीर उभ्या कोपऱ्यावर जोड देऊ लागला तर थांबवा. तो सांधा रोज डोळ्यासमोर येतो.

[दृश्य: ओळंबा सोडलेला. नंतर कोपऱ्यावर अ‍ॅडहेसिव्ह लावताना.]

आधी ओळंबा. खांबाच्या प्लास्टरचा कोपरा वरपासून खालपर्यंत ६ मिलिमीटर कलला असेल, तर पट्टी ते झाकत नाही. पट्टीची रेघ सरळ असल्यामुळे उलट तो जास्तच दिसतो. कल प्लास्टरमध्येच सुधारायचा.

पहिल्या भिंतीवर, कोपऱ्यापासून चारेक बोटं, खाचांच्या थापीने अ‍ॅडहेसिव्ह पसरलं. पट्टीचा पाय त्यात दाबला. बघा, भोकांतून माल वर आला. तो वर आला नाही, म्हणजे खाली पोकळी आहे. पट्टी काढून पुन्हा लावायची. माल वर आल्यावर त्याच्यावर थापी सपाट फिरवून पाय झाकून टाकायचा.

[दृश्य: दुसऱ्या भिंतीवर टाइलचा तुकडा धरून पट्टी मागेपुढे सरकवली जाते.]

आता पुढचं पाऊल, बहुतेक कामांत हेच राहून जातं. पट्टी दुसऱ्या भिंतीच्या प्लास्टरपासून किती बाहेर ठेवायची? दुसऱ्या भिंतीवरही टाइल येणार आहे, तिच्या मागे साधारण ३ मिलिमीटर अ‍ॅडहेसिव्ह, वर ८.७ टाइल. म्हणजे पट्टीचं तोंड जवळजवळ १२ मिलिमीटर बाहेर हवं. कारागीर टाइलचा तुकडा माल लावून तिथे टेकवतो आणि पट्टी त्याच्या पातळीला आणतो. हे न करता पट्टी प्लास्टरच्या कडेलाच टेकवली, की दुसऱ्या भिंतीची टाइल बाहेर येते. मग पट्टीचं माप बरोबर असूनही कोपरा चुकतो.

पेटीच्या आतली पोकळी मालाने भरली जाते. रिकामी ठेवली, तर पाणी आणि झुरळं तिथे घर करतात.

टाइल आणि पट्टी यांच्यात २ मिलिमीटरचा स्पेसर. टाइल धातूला घट्ट भिडवू नये, ग्राउटला आत शिरायला जागा लागते.

[दृश्य: लाकडी मायटर बॉक्समध्ये अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, बारीक दात्यांचा हॅकसॉ.]

खिडकीच्या चार कोपऱ्यांवर मात्र ४५ लागतंच, पण ते पट्टीला, टाइलला नाही. दिसणारी बाजू वर ठेवून, संरक्षक फिल्म न काढता, बारीक दात्यांच्या पात्याने, घाई न करता. स्टीलला ग्राइंडरवर १ मिलिमीटरची पातळ चकती, आणि नंतर कानशीने बूर काढायचा. तो राहिला तर बोट कापतं. तीन दिशांच्या पट्ट्या जिथे एकत्र येतात, तिथे तयार कोपरा-तुकडा घेतलेला बरा.

[दृश्य: कट्ट्याची आडवी पट्टी, पाण्याचा थेंब ओघळतो.]

कट्ट्याच्या टाइलला पट्टीच्या दिशेने किंचित उतार दिला आहे, आणि पट्टीचा माथा टाइलपेक्षा केसभर खालीच आहे. वर राहिला असता तर पाणी त्याच्या मागे साचून ग्राउट काळं पडलं असतं.

[दृश्य: ग्राउट पुसणं, स्पंज, स्वच्छ पाणी.]

२४ तासांनी ग्राउट. दर दोन-तीन फुटांनी लगेच ओल्या स्पंजने पट्टी पुसायची, दुपारी सगळं एकदम पुसू असं म्हणायचं नाही. आतल्या कोपऱ्यांत, जिथे भिंत भिंतीला मिळते, तिथे पट्टी नाही. तिथे सिलिकॉन.

[दृश्य: अंगठ्याच्या नखाने फिल्म उचलली जाते आणि खांबाच्या पायथ्यापासून वर सोलत जाते.]

फिल्म ग्राउट पूर्ण सुकण्याआधीच काढायची, नाहीतर तिची कड सांध्यात अडकून बसते. इथे ती वेळेत निघाली.