रिकाम्या थडग्यापुढचं मौन

पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर 1919च्या जुलैमध्ये विजय-संचलनासाठी लाकूड आणि प्लास्टरचं एक स्मारक उभारलं. त्याचं नाव सेनोटाफ, म्हणजे रिकामं थडगं. वास्तुरचनाकार ल्युटेन्सने त्यावर क्रूस ठेवला नाही, कारण साम्राज्यासाठी मेलेल्यांत हिंदू, मुसलमान, शीख, ज्यूही होते. संचलन संपलं की ते काढायचं, असं ठरलं होतं. पण लोक फुलं आणून ठेवत राहिले. युद्धात पडलेल्यांचे देह मायदेशी आणायचे नाहीत, हे सरकारचं धोरण होतं. आईला मुलाची कबर गाठणं अवघड होतं. ते रिकामं थडगं तिचं झालं. शेवटी 11 नोव्हेंबर 1920 रोजी दगडी स्मारकाचं अनावरण झालं, आणि त्याच दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये एका अनाम सैनिकाला पुरलं गेलं.

आता विचारू या, रस्त्यावरचा हा विधी धर्म आहे का?

मानववंशशास्त्रज्ञ टायलरने 1871मध्ये धर्माची किमान व्याख्या दिली: आत्मिक शक्तींवर विश्वास. या कसोटीवर सेनोटाफ अडखळतं. तिथे देव नाही, परलोकाचं वचन नाही. तरीही फूल ठेवणारी ती आई मनातल्या मनात कुणाशी बोलत होती? टायलरची रेषा मला इथे पुसट वाटते.

समाजशास्त्रज्ञ दुर्खीमची व्याख्या 1912ची. पवित्र म्हणून वेगळ्या काढलेल्या, निषेधांनी राखलेल्या वस्तूंभोवतीच्या श्रद्धा आणि आचार, जे मानणाऱ्यांचा एक नैतिक समुदाय बनवतात. 1919पासूनचं दोन मिनिटांचं मौन यात तंतोतंत बसतं. ठरलेल्या घटकेला रहदारीही थांबायची. 2010मध्ये विद्यार्थी आंदोलनात एक तरुण सेनोटाफवरच्या झेंड्याला लटकला, तेव्हा देशभर संताप उसळला. ते सेनोटाफ आहे हे आपल्याला कळलं नव्हतं, असं त्याने माफी मागताना म्हटलं. निषेध मोडल्यावर होणारा संताप हीच पावित्र्याची खरी खूण. दुर्खीमला ही गोष्ट केवळ ग्रंथातून ठाऊक नव्हती. त्याचा मुलगा आंद्रे याच युद्धात मारला गेला, आणि 1917मध्ये दुर्खीमही गेला.

पण ही व्याख्या इतकी सैल आहे की फुटबॉलचं मैदानही तिच्यात मावतं. रंग, गाणी, सामूहिक उन्माद, सगळं आहे. मग दोघांत फरक काय? व्याख्येपेक्षा एक प्रसंग मला जास्त सांगून जातो. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरातल्या सामन्यांआधी मौन पाळतात. एकमेकांना शिव्या घालणारे समर्थक त्या वेळी गप्प उभे राहतात, आणि कुणी मध्येच ओरडलं, तर त्याला गप्प करायला त्याच्याच बाजूचे लोक पुढे येतात. आपल्या संघापेक्षा मोठं काय, हे त्या गर्दीला कुणी सांगावं लागत नाही.