पुढचं लेबल, मागचं लेबल

(दृश्य: शाहूपुरीतलं कृषी सेवा केंद्र. काउंटरवर तडा गेलेला मोबाईल.)

तात्या बाटली मागत नाहीत, मोबाईल पुढं करतात. "ह्योच द्या." फोटोत पांढरी बाटली, हिरवट लेबल, वर कुणाचा तरी अंगठा. निपाणीच्या पाहुण्यांनी पाठवलेला फोटो. त्यांच्या उसात खोडकीड आटोक्यात आली म्हणे.

दुकानदार फोटो मोठा करून बघतात. एकच नाव वाचता येतं, क्लोरॅनट्रानिलीप्रोल. टक्के लिहिलेत तिथं नेमका अंगठा.

(दृश्य: मांडणीवर ओळीनं बाटल्या.)

या मांडणीवर हे एकच रसायन किती नावांनी बसलंय बघा. कोराजन हे जुनं, ओळखीचं नाव. त्याच्याही जुन्या बाटलीवर ड्युपॉन्ट दिसेल, नव्या बाटलीवर एफएमसी, कारण 2017 मध्ये हा धंदा त्या हातातून या हातात गेला. ऑगस्ट 2022 मध्ये भारतातलं पेटंट संपलं आणि इतर कंपन्यांनी आपापल्या नावानं तेच रसायन आणलं. बाटलीचा आकार वेगळा, रंग वेगळा, आतला माल तोच.

(दृश्य: संगणकावर परदेशी लेबलं.)

परदेशातलं लेबल बघितलं की घोळ आणखी वाढतो. आपल्याकडं कोराजनवर 18.5 टक्के लिहितात, म्हणजे वजनाला वजन. युरोपात लिहितात लिटरला 200 ग्रॅम. अमेरिकेत गॅलनला 1.67 पौंड. तीन आकडे, तीन औषधं वाटतात. पण या औषधाचा एक लिटर भरतो साधारण एक किलो ऐंशी ग्रॅम, त्याचे साडेअठरा टक्के काढा, 200 ग्रॅमच येतात. पौंड-गॅलनचा हिशेब केला तरी तेच. अमेरिकेत याच ताकदीचं द्रावण गोल्फच्या हिरवळीवरच्या अळीसाठी असेलेप्रिन या नावानं विकतात. परवाना रसायनाला एकदाच मिळून भागत नाही, कुठल्या पिकावर आणि किती मात्रेत हेही देशोदेशी वेगळं मंजूर होतं. शिवाय हिरवळ सांभाळणाऱ्याचं दुकान वेगळं, शेतकऱ्याचं वेगळं. मग नावंही वेगळी.

(दृश्य: 60 आणि 150 मिलीच्या बाटल्या शेजारी-शेजारी.)

आकाराचंही तसंच. भाताला एकरी मात्रा 60 मिली, उसाला 150. म्हणून बाजारात 60 ची बाटली आहे आणि 150 ची आहे. हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो. फोटोत शेजारी काहीच नसेल, तर दोन्ही सारख्याच.

(दृश्य: दाणेदार औषध तळहातावर.)

आणि हे दाणेदार, 0.4 टक्के. उसाला एकरी साडेसात किलो. त्यात मूळ रसायन भरतं 30 ग्रॅम. 150 मिली बाटलीतही 30 ग्रॅमच. पोतं आणि बाटली, फोटोत कुणी भावंडं म्हणणार नाही.

उलटा प्रकार जास्त महागात पडतो. दिसायला भावंडं, आत मात्र दुसरंच. तात्यांच्या फोटोतलं तेच निघालं.

(दृश्य: तात्या फोनवर.)

"पाव्हणं, बाटली फिरवा. मागनं फोटो काढा. अंगठा काढा की ओ!"

मागचं लेबल आलं. क्लोरॅनट्रानिलीप्रोल 9.3 टक्के, सोबत लॅम्डा-सायहॅलोथ्रिन 4.6 टक्के. जोड औषध. यात लिटरला 100 ग्रॅमच, म्हणजे कोराजनच्या निम्मं. "एकरी दीडशे" ऐकून कुणी हे 150 मिली 400 लिटर पाण्यात कालवून आळवणी केली, तर उसाला 30 च्या जागी 15 ग्रॅम मिळणार. वर लॅम्डा अंगावर उडालं की चुणचुणतं ते वेगळंच. तात्यांच्या बांधाला लागून असलेल्या शेतात गेल्या हंगामात हेच झालं.

(दृश्य: वाळलेला पोंगा उपसताना. निवेदन नाही, सात सेकंद.)

(दृश्य: मागचं लेबल, जवळून.)

दुकानदार आता फोटो मागतात ते मागच्या बाजूचे. रसायनाचं नाव आणि टक्के, पुढं औषध कुठल्या प्रकारचं ते सांगणारी अक्षरं, एससी, झेडसी की जीआर. मग नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत. पुढच्या लेबलावरचा त्रिकोण ते फोटोवरून धरतच नाहीत. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली निळा त्रिकोण हिरवा दिसलेला त्यांनी पाहिलाय. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी, निळा त्याच्या वरचा.

पण मागचं लेबलही सगळं सांगत नाही. रिकाम्या बाटलीत दुसरं काही भरून विकलं, तर लेबल खरंच असतं. तिथं फोटोचा उपयोग नाही, सील आणि पक्की पावती बघावी लागते.

(दृश्य: पावतीपुस्तक, कार्बन कागद.)

तात्यांनी 150 मिलीची बाटली घेतली. साडेअठरा टक्केवाली. पावतीवर बॅच नंबर लिहून घेतला, आणि मग मोबाईल काढून बाटलीचा फोटो काढला.

मागच्या बाजूनं.