एका वर्षाच्या उशिराचा हिशेब

मंडळी, इंदूरहून निघणारा एक टोलरस्ता डोळ्यांसमोर आणा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. बांधकाम तीन वर्षांचं, दर वर्षाअखेरीस १०० कोटी खर्च. पुढची वीस वर्षं देखभाल वजा जाता वर्षाला ४५ कोटी हाती येतात. वटाव दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य काढताना दर वर्षामागे लावायचा दर, १० टक्के. खर्चाचं आजचं मूल्य २४८.७ कोटी, वसुलीचं २८७.८ कोटी. म्हणजे दोन्हींतला फरक, एनपीव्ही, ३९.१ कोटी, रस्ता बांधावा असाच.

आता काम वर्षभर लांबलं. पुष्कळदा एक्सेलमधले सगळे आकडे एक घर उजवीकडे सरकवले जातात आणि उत्तर येतं ३५.६ कोटी. साडेतीन कोटी गेले, एवढं चालतं, असं वाटतं. पण हे गणित काम उशिरा सुरू होण्याचं आहे. तेव्हा पैसे अजून आपल्याच हातात असतात. खरा उशीर बहुधा शेवटाला होतो. तीनशे कोटी जमिनीत गेलेले असतात आणि मधल्या दोन किलोमीटरच्या पट्ट्याचं भूसंपादन कोर्टात अडकलेलं असतं. खर्च सरकत नाही, फक्त वसुली थांबते.

थांबते कुठली? चौथ्या वर्षाची, म्हणजे सगळ्यात मोलाची. ते ४५ कोटी आजच्या मूल्यात ३०.७ भरतात. एनपीव्ही ८.४ वर येतो. कंत्राटदार करार वर्षभर वाढवून मागतो, सरकार देतंही, आणि सगळ्यांना वाटतं भरपाई झाली. पण वाढीव वर्ष मिळतं ते चोविसावं, आणि त्या ४५ कोटींचं आजचं मूल्य अवघं ४.६ कोटी! मुदतवाढीला भरपाई म्हणणं मला पटत नाही.

त्यात खर्चवाढ आली. थांबलेली यंत्रं, महागलेलं डांबर आणि सिमेंट, वाढलेला मोबदला मिळून चौथ्या वर्षी ३० कोटी जास्त लागले, तर आजच्या मूल्यात २०.५ कोटी. मुदतवाढ धरूनही एनपीव्ही उणे ७.५ होतो. नुसती खर्चवाढ वेळेत, तिसऱ्या वर्षी झाली असती, तर प्रकल्प १६.६ वर टिकला असता. नुसता उशीरही त्याने सोसला असता. दोन्ही मिळून तो बुडतो, आणि प्रत्यक्षात ती दोन्ही एकत्रच येतात, कारण उशीरच खर्च वाढवतो.

अहवाल तपासताना म्हणून मी आधी खर्चाची ओळ बघतो. उशिराच्या तक्त्यात पहिल्या तीन वर्षांचा खर्चही पुढे गेलेला दिसला, तर तो तक्ता बाजूला ठेवावा. बांधकामकाळातलं व्याज खर्चात मिळवून वर वटावही लावला असेल, तर तेच नुकसान दोनदा मोजलं गेलंय.

हा हिशेब काम चालू असतानाही उपयोगी पडतो. मुदतवाढ मिळणार हे धरूनही एका वर्षाच्या उशिराची किंमत आज २६ कोटी आहे, तिसऱ्या वर्षाअखेरीच्या रुपयांत जवळपास ३५ कोटी. तेव्हा रात्रपाळी, जादा यंत्रं किंवा त्या पट्ट्याच्या मालकांशी वाढीव मोबदल्यावर तडजोड करून काम वेळेत उरकणार असेल, तर तिसऱ्या वर्षी ३५ कोटींपर्यंतचा जादा खर्च परवडतो. टळलेली खर्चवाढ वेगळीच.